मागच्या पत्र्यावरची टकटक

रुग्ण: पुरुष, वय सदुसष्ट. व्यवसाय: बस कंडक्टर (निवृत्त). मेंदूतील रक्तस्रावानंतर बोलणे तुटक, उजवा हात कमजोर. आकलन चांगले. शेरा: घटनांचा क्रम लावून सांगता येत नाही.

शेरा लिहिणाऱ्याचा दोष नव्हता. या गृहस्थानं भरल्या गाडीतली भांडणं नुसत्या गोष्टी सांगून मिटवली होती, हे तपासणीत दिसत नाही. आता त्याला एकच गोष्ट सांगायची होती. भाऊ गेला होता, रविवारी शोकसभा होती आणि भावाची नदीवरची गोष्ट घराण्यात दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

स्पीच थेरपिस्ट बाईंसमोर त्यानं ती सांगून पाहिली.

"भाऊ हरवला. आम्ही शोधलं. आई रडली. भाऊ घरी आला. जेवला. झोपला. आम्ही घरी आलो."

"म्हणजे हरवला, सापडला, जेवला," बाई म्हणाल्या. "मग गंमत कुठंय?"

"अहो, राहू द्या ना," बायको म्हणाली. "पुतण्या सांगेल."

"पुतण्या... जन्मला... नाही!" कंडक्टर कडाडला.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "शोधणं किती वेळ चाललं?"

"दुपारभर."

"'शोधलं' म्हटलंत की संपलं. चालू ठेवा."

"शोधत... होतो. आई रडत होती."

"शाब्बास. मग काय झालं?"

"घरी आलो. दार उघडलं."

"आणि दार उघडल्यावर तो जेवायला बसला?"

"छे! आधीच!"

"मग गोष्ट आता मागे न्या. जेवण आधीचं, तुम्हाला कळलं नंतर."

"जेवला..." पुढचा शब्द काही येईना. कपाळावर घाम आला.

बाईंनी विचारलं, "ड्रायव्हर गाडी मागे घ्यायचा तेव्हा तुम्ही काय करायचात?"

यात काय विचारायचं? मागे उभं राहून पत्र्यावर हात मारायचा. त्यानं डाव्या हातानं टेबल वाजवून दाखवलं. टक, टक. आणि त्या ठोक्यांवरच शब्द बाहेर पडला, "जेवला होता."

आठवडाभर घरातलं एकही फर्निचर सुटलं नाही. बायकोनं एकदा विचारलं, "कपाट कुठं मागे नेताय?"

रविवारी सभागृहात पुतण्या कानाशी वाकला. "काका, मी सांगू का?"

"गप."

तो उभा राहिला. "आम्ही नदीवर... शोधत होतो. आई रडत होती. अंधार पडत होता. शेवटी घरी आलो. दार उघडलं."

इथं तो अडला. पहिल्या रांगेत भावजयीनं मान खाली घातली. बायकोचे ओठ हलायला लागले. त्यानं डावा हात उचलला आणि समोरच्या खुर्चीची पाठ वाजवली. टक, टक.

"हा पठ्ठ्या... सगळ्यांच्या वाटचं जेवून... झोपला होता!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले. हसता हसता भावजयीला रडू फुटलं. कंडक्टर तसाच उभा होता, हात खुर्चीवर ठेवून.

पुढच्या भेटीत बाईंनी शेरा बदलला: घटनांचा क्रम अचूक लागतो, प्रगती समाधानकारक.

भाऊ त्याच्याहून सहा वर्षांनी लहान होता, तरी आधी गेला होता.