दोन हात आधी थांब

आमच्या ह्यांना कामावर सगळे ‘घाबरट’ म्हणायचे. बांधकामावर ती उंच क्रेन असते ना, तिच्या चालकाला खालून हातानं खुणा करायचं ह्यांचं काम. तळवा खाली दाबला की ओझं उतरवायचं, मूठ वर केली की थांबायचं. पण गेले काही महिने हे मूठ फारच लवकर वर करायला लागले होते. विटांचा पाळणा जमिनीपासून दोन हात वर लटकतोय, आणि ह्यांचं आपलं ‘थांब’! मग तिथून वीतवीत खाली. माझा धाकटा भाऊ, बारक्या, तो पाळणा हातांनी धरून जागेवर बसवतो. घरी येऊन तो नक्कल करायचा, “दाजी विटा नाही, अंडी उतरवतात.” मीही खो खो हसायचे. हसू कसलं, डोंबल!

त्या दिवशी सकाळी हे तापानं फणफणले होते. उभे राहिले की झोक जायचा, तरी बूट घालायला बसले. मी दार अडवलं. “आज दुसरा कोणी उभा राहील. तुमच्यावाचून क्रेन काय मोडून पडणारे?”

तेव्हा कुठं त्यांनी सगळं सांगितलं.

क्रेन चालवणारा ह्यांचा जिवलग मित्र. कायम वर असतो म्हणून सगळे त्याला आभाळ्या म्हणतात. साखरेच्या आजारानं त्याच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं आणि तो डोळा गेला. एका डोळ्याला समोरचं दिसतं, पण हूक जमिनीपासून किती वर आहे ते कळत नाही. कामावरच्या डोळ्यांच्या तपासणीत यानं दोन्ही खेपेला तोच डोळा झाकला, फक्त हात बदलला. तपासणाऱ्याचं लक्ष नव्हतं. “कोणाला सांगणार नाहीस असा आधी शब्द दे, मग सांगतो,” आभाळ्या ह्यांना म्हणाला, आणि ह्यांनी दिला. पोरींची शिक्षणं व्हायचीत, खाली उतरवलं तर खाणार काय? तेव्हापासून हे त्याच्या गेलेल्या डोळ्याचं काम करत होते. तो उशिरा थांबणार, म्हणून हे आधीच थांबवत होते.

“आज जो उभा राहील तो बरोब्बर वेळेवर मूठ वर करेल,” हे म्हणाले. दात वाजत होते त्यांचे.

“आणि खाली बारक्या!” मी किंचाळले. “रोज माझ्या भावाला त्याच्याखाली उभं करत होतात?”

“मी होतो ना तिथं.”

“आज कुठं आहात?”

त्यांनी आभाळ्याला फोन लावला. मी कान लावून होते. “एक दिवसाचा तर प्रश्न आहे, हळू करतो,” तो म्हणाला. “आणि तू शब्द दिलायस.” फोन बंद. वर चढताना तो फोन खालीच ठेवतो. बारक्याचा तर कधी लागतच नाही. मी म्हटलं, कामावरच्या साहेबांना लावा. हे फोन मुठीत धरून नुसते बसले. “मी शब्द दिलाय गं.”

“तुम्ही दिलाय. मी नाही दिला.”

तशीच निघाले. रिक्षात बसल्यावर कळलं, पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. मनात नको नको ते येत होतं. आईला काय सांगू, एवढंच डोक्यात घुमत होतं.

फाटकातूनच दिसलं. पाळणा खाली येत होता आणि बारक्या वर बघत, हात पसरून उभा. नव्या माणसानं मूठ वर केली. पाळणा थांबला नाही. “बारक्याऽऽ!” मी असा गळा फाडला की तो दचकून मागं झाला. पाळणा दाणकन आदळला, फळ्या मोडल्या, विटा त्याच्या बुटांपर्यंत आल्या. “ताई, तू इथं?” म्हणाला येडा. मी आधी त्याच्या एक थोबाडीत दिली, मग साहेबांना सगळं सांगितलं.

साहेबांनी वॉकीटॉकीवर आभाळ्याला खाली बोलावलं. क्रेनच्या आतल्या शिडीनं तो उतरू लागला. प्रत्येक पायरीवर आधी पाय हवेतच चाचपायचा, पायरी सापडली की मगच भार टाकायचा. एकदा पायरी सापडेचना. रोज हा असाच चढायचा, असाच उतरायचा, आणि ह्याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता.

जमिनीवर आल्यावर तो माझ्याजवळ आला. वाटलं, आता शिव्या देईल.

“त्यानं पाठवलं तुम्हाला?”

“नाही. मीच आले.”

तो तिथंच मातीत बसला. “रोज चढताना वाटायचं वहिनी, आज हा सांगून टाकेल, मी सुटेन. माझी हिंमत होत नव्हती हो. पण हा पडला शब्दाचा पक्का.”

घरी येऊन मी हे जसंच्या तसं ह्यांना सांगितलं. सांगायला नको होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि ताप उतरला तरी दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.