चालूही आणि बंदही

माहेर केंदूरचं. लग्न होऊन कारेगावात आले आणि वर्षभरात रांजणगावच्या एका कारखान्यात, ट्रेनिंग विभागात लागले. माझं काम चित्रांचं. कामगार बिहारचे, ओडिशाचे, थोडे नांदेडकडचे. भिंतीवरची मराठी सूचना वाचणारे थोडेच. म्हणून सेफ्टीचे साहेब मला मोबाइलवर मजकूर धाडायचे, मी तो चित्र बनवणाऱ्या एआयला द्यायचे, आणि आलेलं चित्र छापून शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, लावायचे.

एकदा प्रेसची साफसफाई कशी करायची याचं चित्र हवं होतं. प्रेस म्हणजे डाय नावाच्या साच्यात पत्रा दाबून आकार देणारं अवाढव्य मशीन. साहेबांनी लिहिलं होतं : मशीन बंद, मेन स्विचला कुलूप, कामगार डाय पुसतोय. खाली आणखी एक ओळ होती : सगळं जिवंत वाटावं, मशीन जोरात चालताना दिसावं, म्हणजे कामगारांचं लक्ष जाईल. मी दोन्ही ओळी जशाच्या तशा टाकल्या. चित्र झटकन आलं. अशा चित्रांत बोटं चुकतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी बोटं मोजली. दोन्ही हातांना पाच-पाच होती. छापून शॉपमध्ये लावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी शॉपमधले फोरमन माझ्या टेबलाशी आले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते बसले नाहीत.

"पोरी, ते चित्र तू केलंस व्हय?"

मी हो म्हटलं.

"त्यात चाक फिरतंय. चालूचा हिरवा दिवा हाय. आन् त्याचे दोन्ही हात आत हायेत."

प्रेसचं बाजूचं जड चाक मोटर बंद केल्यावरही बराच वेळ गरगरत राहतं. ते पुरतं थांबल्याशिवाय आणि आत आधाराचा ठोकळा लावल्याशिवाय तिथं कुणी हात घालत नाही. हे आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगतात. मामा म्हणाले, एका नव्या माणसाने आत्ताच त्यांना विचारलं होतं : चालू में भी हाथ डाल सकते हैं क्या? नाही म्हणून ते सरळ माझ्याकडे आले होते, पण चित्र अजून शॉपमधल्या खांबावरच होतं.

मी धावतच खाली गेले. तो माणूस खांबावरच्या माझ्या चित्राखाली उभा होता. हातात फडकं, कमरेत वाकलेला, अगदी चित्रातल्यासारखा. चाक फिरत होतं. मागून आलेल्या मामांनी मला बाजूला सारून लाल बटण दाबलं आणि त्याच्या खांद्याला धरून त्याला मागे ओढलं. त्याचा हात अजून आत गेला नव्हता. तो गोंधळून चित्राकडे बोट दाखवत राहिला.

मी चित्र ओढून काढलं. चिकटपट्टीचे तुकडे खांबावरच राहिले.

साहेबांना मी सांगितलं की चूक माझीही आहे. एआयने काही विचारलं नव्हतं. चालू आणि बंद दोन्ही मागितलं, त्याने दोन्ही एका चित्रात बसवलं : स्विचला कुलूपही होतं, चाकही फिरत होतं. चित्र बनवण्याआधी वाचायचं काम माझं होतं. साहेबांनी मोबाइलवर आपला मजकूर पुन्हा वाचला. नंतर म्हणाले, "ती ओळ मी लिहिली होती."

तेव्हापासून मजकूर आला की मी आधी तो वहीत उतरवते. वेळ कोणती, उजेड कुठला, मशीन चालू की बंद, हात कुठे. मग कुठला शब्द दुसऱ्याला खोडतोय का ते पाहते. भीती गेली नाही.

पुढच्या महिन्यात पेंट शॉपसाठी मजकूर आला : कामगार मिळून रंग देतायत. दुपारचं कडक ऊन, खिडकीतून सरळ आत. मागे थिनरचे ड्रम. आणि वातावरण मेणबत्तीच्या उजेडासारखं, आपुलकीचं. वहीत उतरवताना माझा पेन थांबला. भर उन्हात मेणबत्तीचा मंद उजेड दिसणारच नाही. म्हणजे एआय ऊन तरी घालवेल, नाहीतर खरीखुरी मेणबत्ती काढून ठेवेल. ठिणगीनेही भडकणाऱ्या थिनरच्या ड्रमाशेजारी, पेटलेली. बघणारा म्हणेल, इथे चालतं.

साहेबांना फोन लावायला मी घाबरत होते. आपल्याहून मोठ्या माणसाला तुमचं बोलणं एकमेकांत बसत नाही असं कसं सांगायचं? दोनदा नंबर लावून कट केला. तिसऱ्यांदा रिंग जाऊ दिली.

"साहेब, ऊन ठेवू की मेणबत्ती? दोन्ही बसणार नाहीत. आणि मागे थिनर आहे."

मी फोन कानाला घट्ट धरला.

"आपुलकी म्हणजे चेहरे हसरे हवे होते," ते हळू म्हणाले. "मेणबत्ती उगाच लिहिली. काढ ती. ऊन राहू दे."

मी ती ओळ खोडली, चेहरे हसरे असं लिहिलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि मगच एआयचं बटण दाबलं. चित्र आलं तेव्हा बोटांच्या आधी ड्रमांकडे पाहिलं. कुठेही ज्योत नव्हती.