पहिल्या तारखेचे एकशे एकोणीस रुपये

पतसंस्थेत मी बावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची दोन आठवली की आजही तोंड कडू होतं. लोकांना वाटतं, असल्या नोकरीत किळस यावी असं काय असतं? चोरी नाही, मारामारी नाही, दिवसभर खुर्चीत बसून आकडे. पण मला किळस आलेली आहे, आणि तिच्यातला मोठा वाटा माझा स्वतःचा आहे.

आमची शाखा रत्नागिरीच्या बंदराकडच्या रस्त्यावर, एका गाळ्यात. गाळा एका मासळी विकणाऱ्या बाईचा. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला भाऊ. नवरा वारल्यावर तिने गाळा आम्हाला भाड्याने दिला होता, महिना बारा हजार. करारातच लिहिलं होतं, भाडं आगाऊ, एक तारखेला. एक तारखेला सकाळी मावशी टोपली बाहेर ठेवून आत यायची, भाड्याचे बारा हजार घ्यायची आणि त्यातलेच दोन हजार तिथल्या तिथे आवर्तक ठेवीत भरायची. पाच वर्षांत एकदाही तिची तारीख चुकली नव्हती. ही गोष्ट घडली त्या वर्षी ऑगस्टच्या एक तारखेला ठेवीची मुदत पुरी व्हायची होती.

तेव्हाच तिच्या दिराने घरच्या होडीतला आपला अर्धा हिस्सा विकायला काढला. सात लाख ठरले. पाच हजार विसार तिने दिला, उरलेले सहा लाख पंच्याण्णव हजार हंगाम सुरू व्हायच्या आत. नाही दिले तर हिस्सा दुसऱ्याला. उरलेली अर्धी होडी तिच्या मुलाची. परका माणूस भागीदार झाला की मुलाला त्याच्या तंत्राने चालावं लागणार, ही तिची भीती होती. तिने साहेबांना, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांना विचारलं, पुढच्या पाच वर्षांचं भाडं एकदम मिळेल का? साहेब लगेच तयार झाले. बारा टक्के दराने कापून आजची किंमत काढायची, ती एक ऑगस्टला चेकने द्यायची, मग पाच वर्षं भाडं मागायचं नाही. तत्त्वतः यात वावगं काही नव्हतं. पुढे मिळायचे पैसे आज घेतले तर ते थोडे कमीच असणार.

हिशेब माझ्याकडे आला. मला संगणकातली सूत्रं येतात याचा केवढा तोरा होता! साळवी स्टॉपकडे शनिवार-रविवारचा क्लास करून मी कर्जाचा तक्ता स्वतः बनवला होता. सगळी संस्था तो वापरायची. मी तोच तक्ता उचलला आणि त्यात भाडं टाकलं. पीव्हीचं, म्हणजे आजची किंमत काढणारं सूत्र, महिना एक टक्का, साठ महिने, बारा हजार. उत्तर आलं पाच लाख एकोणचाळीस हजार चारशे साठ. खाली महिन्यामहिन्याची यादी छापली आणि रुबाबात मावशीपुढे ठेवली.

तिने चष्मा लावला. पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. तिथे होतं अकरा हजार आठशे एक्क्याऐंशी.

"भाऊ, ह्यो पयला भाडा कवाचा?"

"ऑगस्टचं."

"आनि चेक कवा देनार?"

"एक ऑगस्टला."

"मंग त्याच दिवशी माजा बारा हजाराचा भाडा असतोच की. आजचा आजच देताय तर एकशे एकोणीस रुपये कसले कापलात?"

मी हसलो. हे लिहिताना अंगावर काटा येतो, पण हसलो खरा. म्हटलं, "मावशी, ते संगणकाने काढलंय, त्यात चूक नसते." तिने चष्मा कमरेच्या पिशवीत ठेवला. टोपली डोक्यावर घेऊन निघून गेली.

दुपारी डबा खाऊन झाल्यावर मी क्लासची वही काढली. मावशीचं म्हणणं डोक्यातून जात नव्हतं. वहीत दोन ओळी होत्या. ऑर्डिनरी ॲन्युइटी: हप्ता महिन्याच्या शेवटी. ॲन्युइटी ड्यू: हप्ता महिन्याच्या सुरुवातीला. आणि सूत्रात अगदी शेवटची एक जागा असते, टाइप नावाची. हप्ता महिनाअखेरीस असेल तर तिथे शून्य, सुरुवातीला असेल तर एक. काहीच लिहिलं नाही तर संगणक गुपचूप शून्य धरतो.

कर्जाच्या तक्त्यात मी ती जागा कधी भरलीच नव्हती, आणि भरायची गरजही नव्हती. कर्ज आज उचललं की पहिला हप्ता महिन्याने येतो, तिथे शून्यच बरोबर. पण मावशीचं भाडं आगाऊ. पहिले बारा हजार ज्या दिवशी चेक त्याच दिवशी देणं लागतात, त्यांना एक पैसाही कापायचा नाही. माझ्या तक्त्याने ते महिनाभर मागे ढकलले होते, म्हणून बारा हजारांचे अकरा हजार आठशे एक्क्याऐंशी झाले. पहिल्यालाच नाही, साठच्या साठ भाड्यांना तसाच एकेक महिना मागे सारून जास्तीचं कापलं होतं. मी शेवटच्या जागी एक लिहिलं. उत्तर पाच लाख चव्वेचाळीस हजार आठशे पंचावन्न. फरक पाच हजार तीनशे पंच्याण्णव, म्हणजे सबंध रकमेवर एका महिन्याचं व्याज. माझं शहाणपण एका ओळीत उतरलं होतं, तेही मासळी विकणाऱ्या बाईने उतरवलं होतं.

मग आठवलं, आवर्तक ठेवीचा तक्ताही मी त्याच कर्जाच्या तक्त्यावरून केला होता. तिथे एफव्हीचं सूत्र, शेवटी किती जमेल ते सांगणारं. आणि शेवटची जागा तिथेही रिकामी. मावशी पैसे भरायची एक तारखेला, माझा तक्ता समजायचा की तीस-एकतीसला भरले. तिचा शेवटचा, साठावा हप्ता एक जुलैला पडला होता, त्याला एक ऑगस्टपर्यंत महिन्याचं व्याज, पंधरा रुपये, मिळायला हवं होतं. तक्ता त्याला काहीच देत नव्हता. पहिल्या हप्त्याला साठ महिन्यांऐवजी एकोणसाठ. नऊ टक्क्यांनी तिला मिळायचे होते एक लाख एक्कावन्न हजार नऊशे ऐंशी. तक्ता देत होता एक लाख पन्नास हजार आठशे अठ्ठेचाळीस. आणि या योजनेत एक तारखेला पैसे घ्यायचा नियम सगळ्यांनाच होता. किती खाती याच हिशेबाने बंद होऊन गेली होती, माझ्याच सहीने.

मी साहेबांकडे गेलो. केबिनमध्ये सुपारीचा आणि ओल्या फायलींचा वास. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं होतं दचकतील. ते दात कोरत म्हणाले, "आपण तिथे काही लिहिलंच नाही ना? मग आपण खोटं काय केलं?"

"साहेब, काही न लिहिणं म्हणजेच शून्य."

"मला माहीत आहे."

आणि त्यांना खरंच माहीत होतं. कारण पुढच्याच वाक्यात ते म्हणाले, "वरचा आपला हॉल भाड्याने घेतलाय त्या क्लासवाल्याला वर्षाचं भाडं एकदम द्यायचंय. त्याचं काढाल तेव्हा मात्र एक टाका हं. त्याचंही आगाऊच असतं."

आठ हजारांचं भाडं, बारा महिने. तिथे एक टाकलं की संस्थेला नऊशे रुपये जास्त मिळत होते, आणि ते बरोबरही होतं. म्हणजे घेताना एक, देताना शून्य. या माणसाला महिन्याची दोन्ही टोकं नीट कळत होती. मी एवढे दिवस त्याला अडाणी समजत होतो, तो अडाणी असता तर बरं झालं असतं.

मी आवाज चढवला. आयुष्यात पहिल्यांदाच. म्हटलं, मावशीला चूक समजलेली आहे, ती चार लोकांत बोलेल. मग ते जरा सावरून बसले. "ठीक आहे. तिचं भाडं दुरुस्त करा. पण ठेवींना हात लावायचा नाही. एक खातं सुधारलं की मागची सगळी उकरावी लागतील. तक्ता कोणी केला, सही कोणाची, हे संचालक मला विचारणार नाहीत." एवढं बोलून त्यांनी सुपारीची डबी माझ्याकडे सरकवली.

आणि मी एक खांड उचललं. नको होतं, तरी उचललं.

एक ऑगस्टला मावशी मुलाला घेऊन आली. मी भाड्याची नवी यादी तिच्यापुढे ठेवली. पहिल्या ओळीतले पुरे बारा हजार वाचून दाखवले, म्हटलं चूक माझीच होती. तिने मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बग, सांगितला होता ना तुला? भाऊ मानूस सच्चा. चूक झाली तर झाली म्हनतो." मुलाने मान डोलावली. मी चेक दिला. मग ठेवीची पावती पुढे केली. एक लाख पन्नास हजार आठशे अठ्ठेचाळीस.

दोन्ही मिळून सहा लाख पंच्याण्णव हजार सातशे तीन. होडीचे पैसे भागून वर सातशे उरत होते. हिशेब मी आधीच करून ठेवला होता, आणि स्वतःला सांगूनही ठेवलं होतं की तिचं काम अडत नाही ना, मग झालं. अकराशे बत्तीस रुपये. एवढ्यासाठी कोणी नोकरी घालवतं का?

मावशीने पावती घेतली. मला वाटलं आता ती चष्मा लावेल, बोट ठेवेल, विचारेल. देवाशपथ, मी तिच्या विचारण्याची वाट पाहत होतो. विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, आजही मी तसंच मानतो. चष्मा तिच्या कमरेच्या पिशवीतच राहिला.

"ह्ये काय बगायचा? तुमी केलाय म्हंजे बरोबरच असनार," ती म्हणाली. "सही खंय करू?"

मी बोटाने जागा दाखवली आणि माझं पेन तिच्या हातात दिलं.