डासांच्या उत्तरावरची फुली

आमचे जीवशास्त्राचे सर तोंडाने फटकळ, पण चुकीच्या उत्तरावर नुसती फुली मारून गप्प बसणारे नव्हेत. मी चाचणीत लिहिलं होतं, 'फवारणीतून वाचायची गरज होती, म्हणून डासांनी स्वतःत बदल केला.' फुली बघून मी तणतणत स्टाफरूममध्ये गेले.

सरांनी टकलावरून हात फिरवला. "गरजेनं काही उगवत असतं, तर इथे जंगल माजलं असतं! अगं, थोडे डास फवारणीच्या आधीपासून, जन्मतःच वेगळे होते. त्यांना औषध बाधलं नाही. ते वाचले आणि तोच गुण घेऊन त्यांची प्रजा वाढली."

"आणि बाकीचे?"

"मेले," पेनाला टोपण लावत सर म्हणाले. "गरज त्यांनाही होतीच की."