डब्यापायी थांबलेलं पत्र

आमच्यात शेजारणीचा डबा रिकामा परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, मूठभर दाळ घालतात, पण रिकामा देत नाहीत. हे मला कोणी शिकवलं नाही. शाळेत मी तिसरीपर्यंतच गेलो आणि तिथं असलं काही शिकवत नव्हते. आईला करताना पाहिलं आणि करत आलो. यात चूक होऊ शकते असं सत्तर वर्षं मला वाटलं नाही.

माझी नात आदिलाबादला सरकारी शाळेच्या होस्टेलात राहून नववी शिकते. तिच्या शाळेची आठ पोरं तीन आठवड्यांसाठी जर्मनीला गेली, प्रत्येक पोर एकेका घरी. त्या घरची मुलं फेब्रुवारीत इकडं येणार, तशीच आपल्या घरी राहणार. ज्या घरात ती राहिली तिथं आई, बाप, तिच्याच वयाची मुलगी आणि एक लहान भाऊ. दसऱ्याला ती परत आली तेव्हा पिशवीत एक पत्र्याचा डबा होता. निघताना त्या बाईनं वाटेसाठी पाव भरून दिला होता. पाव विमानात संपला. डबा आमच्या घरी आला.

चार दिवस सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी ती ओसरीवर कागद घेऊन बसली.

"काय लिहून राह्यली वो?" मी विचारलं.

"धन्यवादाचं पत्र, आबा. टीचरनं सांगतलं, घरी गेल्यावर आठ दिवसांच्या आत पाठवा. हातानं लिहा. फोनवरचं चालत नाई."

"कायले? तिथून निघताना पाया पडली नाई का?"

"तिथं पाया पडत नाईत."

मग तिनं मला समजावलं. पत्र लहान पाहिजे, एका पानाचं. घरातल्या सगळ्यांची नावं घ्यायची, लहान पोराचंसुद्धा. 'सगळं छान होतं' असं लिहायचं नाही, कारण ते कोणालाही लिहिता येतं. कोणती गोष्ट छान होती ते लिहायचं. आपण सुखरूप पोचलो हे सांगायचं. जे जमणार नाही त्याचं वचन द्यायचं नाही. एक फोटो ठेवायचा. हे सगळं टीचरनी जायच्या आधीच वहीत लिहून दिलं होतं.

मी म्हटलं, "आपल्या माणसाचे आभार मानले का तो परका होते. ज्यानं जेवू घातलं त्याले शब्द देत नाईत, वस्तू देतेत. हा डबा भरून जाईल, मंग त्याच्यात तुझा कागद ठेवू."

"डबा कशानं भरता?"

"तिळानं. आपल्या बांधावरचा तीळ हाय. कापाले आला का लाडू करू."

ती पुन्हा कागदावर वाकली. सून चुलीपाशी होती, तिनं फक्त मान वर करून पाहिलं. माझ्या शब्दापुढं आमच्या घरात कोणी जात नाही. तेव्हा मला याचा अभिमान होता.

पत्र घडी करून डब्यात ठेवलं. पोरगी होस्टेलात गेली. तिथं फोन ठेवू देत नाहीत.

पुढं काय झालं ते सांगायलाही थकवा येतो. तीळ कापायला आला तेव्हा पाऊस आला. पेंढ्या भिजल्या, पुन्हा वाळवल्या. झाडून घेतला तर निम्माच निघाला. मग मी म्हटलं गूळ नवा पाहिजे, जुन्या गुळाचे लाडू परदेशात पाठवायचे नाहीत. सून म्हणाली, "मामाजी, दुकानात तीळ भेटते, आजच करून देतो." मी म्हटलं, दुकानचा तीळ देऊन माझ्या नातीची राखण फेडायची का? दिवाळी गेली. डबा फळीवर, कागद डब्यात. सात आठवडे.

एका शनिवारी टीचरचा सुनेला फोन आला, आजोबांना घेऊन या. लाडू आदल्याच दिवशी झाले होते, म्हणून भरलेला डबा घेऊन मी आणि सून आमच्या गावाहून, तलमडुगुहून, ऑटोनं गेलो. टीचर कमी वयाच्या, आवाज हळू. त्यांनी फोनवर आलेलं पत्र वाचून दाखवलं, मराठीत सांगत सांगत. त्या जर्मन बाईनं लिहिलं होतं: बाकीच्या घरांना मुलांची पत्रं आली. आमच्याकडं काही आलं नाही. ती शेवटचे दोन दिवस फार गप्प होती. आमचं काही चुकलं का? जेवणात काही गेलं का, कोणी काही बोललं का? तिला आमच्याकडं सुख नसेल लागलं तर आमच्या मुलीला तिच्या घरी पाठवून तिच्या माणसांना अडचणीत टाकायचं नाही. मुलीसाठी दुसरं घर पाहावं का, हे आठ दिवसांत कळवा.

मी म्हटलं, "मॅडम, तिची चूक नाई."

"मग कोणाची, बाबा?"

मी मांडीवरचा डबा सावरला.

नातीला बोलावलं. ती आली, पत्र शेवटपर्यंत ऐकलं. मला म्हणाली, "मी शेवटले दोन दिवस बोलली नाई, काऊन का निघाचं होतं म्हून. त्याइले वाटलं मले तिथं आवडलं नाई."

"आवडलं होतं ना?" सून म्हणाली.

"पहिल्या आठवड्यात मी न्हाणीत नळ सोडून रडत होती. त्या आईले समजलं. तिनं काही विचारलं नाई. दुसऱ्या दिवशी माह्या हातात चाकू देल्ला आन् म्हणे आलू सोल. रोज सोलाले लावलं. पाव्हणीवानी बसवून ठेवली असती त मी रडतच राह्यली असती."

हे मला माहीत नव्हतं. तिनं ते कागदात लिहिलं होतं, आणि तो कागद माझ्या हुकमानं फळीवर पडला होता.

टीचर म्हणाल्या, आजच पाठवा. तरी माझा हट्ट गेला नाही. म्हटलं, डबा घेऊनच आलो आहे, लाडू भरलेले आहेत, दोन्ही एकदमच जातील. टीचरनी नातीला दोन तासांची सुट्टी दिली.

पोस्टात बाबूनं डबा उघडायला लावला. लाडू पाहिले आणि हात मागं घेतला. तेलुगू माणूस, मला पेद्दायना म्हणाला, म्हणजे वडीलधारा, मानानं. पण पुढचं हिंदीत स्पष्ट होतं: "घर का खाना बाहर नहीं जाता, पेद्दायना. पार्सल का फॉर्म भरना पड़ता, अंदर क्या क्या है सब लिखना पड़ता. ये लिखोगे तो मैं ले नहीं सकता."

"इसमें क्या ज़हर है?" मी म्हटलं.

"ज़हर नहीं है. कायदा है."

मी दोनदा बोललो, तिसऱ्यांदा आवाज चढवला. मागं चार माणसं होती. नात माझी बाही धरून म्हणाली, "आबा, बस झालं." तिच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. राग असता तर मी आणखी भांडलो असतो. कंटाळ्यापुढं काही चालत नाही.

बाकड्यावर बसलो. तिनं डब्यातून जुना कागद काढला. लाडवांचं तूप लागून एक कोपरा पारदर्शक झाला होता. तो तसा पाठवता येत नव्हता, आणि त्यात लिहिलं होतं 'मी परवाच पोचले'. सुनेनं दुकानातून कोरा कागद आणि पाकीट आणलं. नात इंग्रजीत लिहू लागली, वर आणि खाली दोन शब्द त्यांच्या भाषेतले. लिहिता लिहिता मला सांगत होती.

आधी उशिराची माफी, एकाच ओळीत. टीचरनं सांगितलं होतं, कारणं लांबवायची नाहीत, नाही तर ते पत्र धन्यवादाचं राहत नाही, रडगाणं होतं. मग मी सुखरूप पोचले, आई-बाबा, आबा सगळे बरे आहेत. मग त्या आईला: तुम्ही मला बटाटे सोलायला दिले, त्या दिवसापासून मला ते घर वाटलं. बापाला: तुम्ही माझ्यासाठी तीनदा भात केला, तिसऱ्यांदा तो तळाला लागला नाही. मुलीला: रस्ता ओलांडताना तू गाड्यांच्या बाजूनं चालायचीस, मी पाहिलं होतं. लहान भावाला: पत्त्यांत शेवटच्या दिवशी तू मुद्दाम हरलास, तेही पाहिलं होतं. मी शेवटी गप्प होते कारण मला निघायचं नव्हतं. तुमचा डबा आमच्याकडं आहे. मुलगी येईल तेव्हा तिच्या हाती भरून देऊ. तिची वाट पाहतो.

नात म्हणाली, "झालं."

मी म्हटलं, "मले दे. खाली जागा ठेव."

सून म्हणाली, "मामाजी, आता काय लिवता? उशीर होऊन राह्यला."

मी पेन घेतला. सही करण्यापलीकडं मी बरीच वर्षं काही लिहिलं नव्हतं. अक्षर ओळीखाली घसरलं. मराठीत लिहिलं: पत्र पोरीनं वेळेवर लिहिलं होतं. मी थांबवलं. रिकामा डबा पाठवायचा नाही म्हणून. चूक माझी आहे. तुम्ही तिला आपली समजून काम सांगितलं, हे मला आज कळलं.

नातीनं ते वाचलं. त्याखाली बारीक अक्षरात इंग्रजीत उतरवलं. एक शब्दही गाळला नाही.

पाकिटावर पत्ता मोठ्या अक्षरात, देशाचं नाव सगळ्यात खाली, मागच्या बाजूला आमचा पत्ता. बाबूनं वजन केलं, तिकिटं लावली, शिक्का मारला. म्हणाला, पोचायला दोन-तीन आठवडे. होस्टेलात परत गेल्यावर नातीनं पाकिटात घालण्याआधी काढलेला पत्राचा फोटो टीचरच्या फोनवर दिला, तो त्यांनी तिथल्या तिथं पाठवून दिला, म्हणजे त्या बाईला कागद येईपर्यंत वाट पाहावी लागणार नाही. फोटो सुनेच्या फोनवर कधी काढला हे मला दिसलं नव्हतं.

बुधवारी टीचरचा फोन आला. त्या बाईनं उत्तर दिलं होतं. मुलगी आमच्याच घरी येणार. त्यांच्या घरात सगळ्यांनी पत्र आळीपाळीनं वाचलं. आणि आजोबांची मराठी ओळ मोठ्यानं कशी वाचतात ते त्यांना ऐकायचं होतं.

रविवारी भेटीला गेलो. नात फाटकापाशी उभी होती. मला वाटलं आता हसेल, काही गोड बोलेल.

ती म्हणाली, "आबा, दसऱ्याले पाठवलं असतं त त्या आईले सात आठवडे असं वाटलं नसतं ना."

मी म्हटलं, "नसतं वाटलं."

फाटकाजवळच्या कट्ट्यावर आम्ही भेटीची वेळ संपेपर्यंत शेजारी बसून राहिलो.