चार मिनिटांचा काळा पडदा

आमच्या भावजींना अख्खी गल्ली ‘डॉक्टर’ म्हणते. मोबाइलचे डॉक्टर. हात खरंच चांगला आहे, खोटं कशाला बोलू? पण तोंडातून ‘जमणार नाही’ हे दोन शब्द निघतील तर शपथ. मी त्यांची वहिनी, काउंटरवर बसते, आणि त्यांनी मारलेल्या थापा गिऱ्हाइकापुढे मी निस्तरते.

शनिवारी शिवणवाल्या ताई टॅब घेऊन आल्या. त्यांचा भाऊ एकतीस वर्षं नटांच्या मागे गर्दीत उभा राहिला. ज्या दोन-तीन वेळा पुढे यायला मिळालं, तेव्हा त्याचा भाग कापला गेला. यंदा एका मालिकेत पहिल्यांदा बोलायला मिळालं, चार मिनिटं. ती दिसायच्या आत तो आजारी पडला. आता तळघरातल्या वॉर्डात होता, रेंज शून्य. तो रोज म्हणायचा, “मला कापलं असणार, ताई.”

ताईंनी डोकं लावून मालिका दाखवणाऱ्या ॲपमधलंच डाउनलोडचं बटण दाबलं होतं. भाग टॅबमध्ये आला होता, नेटशिवाय चालत होता. पण ॲपने कळवलं होतं की मालिका सोमवारी रात्री ॲपवरून काढली जाणार, आणि ती काढली की उतरवलेलं डाउनलोडही बंद. भेटायची वेळ होती मंगळवारची. “नर्सच्या हातापाया पडले तर उद्या रविवारी पाच मिनिटं सोडेल,” ताई म्हणाल्या.

“कशाला पाया पडता?” भावजी म्हणाले. “कायमचं काढून देतो. मंगळवारी आरामात दाखवा. टॅब ठेवून जा, सोमवारी संध्याकाळी न्या.”

मी म्हटलं, “भावजी, ते काही साधं गाणं नाही कॉपी करायला.”

“वहिनी, तुम्ही पावती फाडा.”

आधी त्यांनी फाइल पेनड्राइव्हवर घेतली, ती उघडेना. उघडेल कशी? उतरवलेली फाइल कुलूपबंद असते आणि किल्ली त्या टॅबच्या आत, ॲपच्या ताब्यात. फाइल बाहेर नेली म्हणजे नुसतं कुलूपच बाहेर नेलं. मग त्यांनी पडद्याचं रेकॉर्डिंग लावलं. चार मिनिटांची फाइल तयार झाली. त्यांची जुनी खोड अशी की काम झाल्यावर फाइलची लांबी बघायची, चालवून बघायचं नाही. “बसली!” म्हणाले आणि दुसरा फोन उघडला.

रविवारी सकाळी मी ती चालवली. चार मिनिटं काळं, आवाजही नाही. असं चित्र रेकॉर्डरच्या हाती लागू नये अशी सोय टॅबमध्येच असते. मी भावजींना दाखवलं.

“आत्ता फोन करा त्यांना. टॅबमध्ये डाउनलोड अजून चालतंय, सोमवारपर्यंत चालेल. आज घेऊन जाऊ देत.”

“आणि काय सांगू? डॉक्टरला जमलं नाही? थांबा ना जरा, करतो काहीतरी.”

त्यांनी काही केलं नाही, आणि करण्यासारखं काही नव्हतंही. मालिका विकत कुठे मिळत नव्हती, डिस्क निघालेली नव्हती. मी निर्मात्यांच्या कचेरीला मेल टाकला, माणूस अत्यवस्थ आहे, त्याच्या प्रसंगाची प्रत द्या. एवढं करून मला वाटलं माझं काम झालं. मीही फोन केला नाही. फोन माझ्या हाताशी होता, ताईंचा नंबर पावतीवर होता, आणि घरात दिराशी भांडण नको म्हणून मी गप्प बसले. सोमवारी ताईंनी टॅब नेला तेव्हा भावजी म्हणाले, “एकदम फर्स्ट क्लास.” मी मान खाली घालून कपाट आवरत होते.

मंगळवारी वॉर्डात ॲप म्हणालं, हा भाग आता उपलब्ध नाही. मग ताईंनी आमची फाइल लावली. भावाने टॅब दोन्ही हातांत धरला आणि चारही मिनिटं पाहिलं, डोळे न हलवता. मग टॅब परत दिला.

“कापलं ना?” म्हणाला. “खोटं कशाला बोललीस, ताई?”

ताई शपथा घेत राहिल्या, मी स्वतः पाहिलंय म्हणून. त्याने भिंतीकडे तोंड केलं. बुधवारी पहाटे तो गेला.

बुधवारी दुपारी निर्मात्यांचं उत्तर आलं. प्रसंगाची प्रत, साधी फाइल, कुठेही चालणारी, आणि खाली दोन ओळी: दिग्दर्शकांनी हा प्रसंग एका फ्रेमनेही कमी करू दिला नाही, त्यांना आवर्जून सांगा.

मी ती पेनड्राइव्हवर घालून ताईंकडे घेऊन गेले. त्यांनी दारातच ऐकून घेतलं. मी रविवारचंही सांगितलं, सगळं.

“रविवारी माहीत होतं तुला?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी पेनड्राइव्ह माझ्या हातातून घेतला आणि दार लावून घेतलं.