इस्त्री, मोटार आणि बाबांचा नंबर

नांदेडात मी पत्रकं वाटते. संघटनेचं काम आहे, पगार नाही. स्टेशनजवळ एका खोलीत राहते, दुपारी कॉलेजच्या मुलांना शिकवते आणि संध्याकाळी चौकात उभी राहून लोकांच्या हातात कागद कोंबते. त्या उन्हाळ्यात आमचं भांडण आधी पैसे भरायच्या नव्या वीजमीटरांशी होतं. कागदावर ठळक अक्षरात छापलं होतं: 'बॅलन्स तुमचा, अंधार तुमचा, मीटर कुणाचं?' ते वाक्य माझंच. मला त्याचा अभिमान होता.

लातूरला आमच्या घरी तेव्हा आई एकटी होती. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. दादा पुण्यात. तो महिन्याच्या महिन्याला फोनवरून घराचं नवं मीटर रिचार्ज करायचा आणि मग आईला कळवायचा, "टाकलेत." आईशी त्याचं बोलणं बहुतेक एवढंच. माझं तरी कुठं जास्त होतं! मी चळवळीतल्या बातम्या सांगायची, ती "हं, हं" करायची, आणि दोघींना वाटायचं की बोलणं झालं.

मग आईचे फोन यायला लागले. "लाइट गेली गं."

"भारनियमन असंल."

"गल्लीत सगळ्यांची हाय. आपलीच गेली."

दादा त्याच्या फोनवर बघायचा. बॅलन्स भरपूर. मग त्यानं निदान करून टाकलं: आईच कुठलं तरी बटण बंद करते आणि विसरते. त्याच्या बायकोच्या मावशीचं असंच सुरू झालं होतं म्हणे. "दिवाळीनंतर तिला इकडं घेऊन येतो. घर भाड्यानं देऊ. एकटीला ठेवणं बरोबर नाही."

हे त्यानं आईलाही सांगितलं. आईनं मला फोन केला तेव्हा रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मी विसरत न्हाई. तू येऊन बघ."

मी पत्रकांचा गठ्ठा घेऊनच लातूरची बस पकडली. मला वाटलं, आयतंच प्रकरण सापडलं. बॅलन्स खाल्ला, बाईला अंधारात बसवलं. मथळाही सुचला होता.

घरात शिरले तर पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. बाबा असताना रेडिओ लागलेला असायचा. आता फक्त फ्रिजचा आवाज. आईनं एकटीपुरती भाजी केली होती, मी येणार माहीत असूनही. सवय. मग हसून दुसऱ्यांदा कढई चढवली.

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. बऱ्याच दिवसांनी येतं आणि तासभर टिकतं. आलं की अख्खी गल्ली एकदम मोटारी लावते. नळालाच मोटार जोडायची, टाकी भरायची. ज्याची मोटार मागं राहिली त्याच्या वाट्याला नळीतली हवा. मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू ओरडल्या, "आला गं बाई, नळ आला!"

आईनं मोटार लावली. गल्लीभर घरघर सुरू झाली. आमचा पंखा हळू झाला, ट्यूब फडफडली. थोडा वेळ गेला आणि दाराबाहेर मीटरच्या खोक्यात खट्ट असा आवाज झाला. मोटार थांबली. फ्रिज थांबला.

"बघ," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

मी मीटरपाशी गेले. मीटरचा पडदा चालू होता. आकडे सरकत होते. म्हणजे खांबावरून येणारी वीज मीटरपर्यंत होती, घरात जायची वाट मीटरनं आतून तोडली होती. घरातली सगळी बटणं चालू होती. आईनं काहीच बंद केलं नव्हतं. दादाचं निदान तिथंच मेलं.

थोड्या वेळानं परत खट्ट. वीज आली, मोटार घरघरली, आणि पुन्हा तुटली. दोन-तीनदा असं झालं, मग मीटर गप्प बसलं. अर्ध्या तासानं आपोआप जोडलं गेलं. तोपर्यंत नळ जायला आला होता. मोटार परत लावली तर परत तुटणार म्हणून मी आईला अडवलं. मोटार बंद, पण फ्रिज, पंखा, ट्यूब चालू. गल्लीतल्या मोटारी अजून ओढतच होत्या. मी मीटरचं बटण दाबत दाबत व्होल्टेजचा आकडा काढला, एकशे सत्तरच्या आसपास. इतकं कमी असूनही मीटरनं वीज धरून ठेवली, शेवटपर्यंत.

"झालं तुझं बघून?" आई म्हणाली. "टाकी अर्धी पण न्हाई भरली."

काकूंनी भिंतीवरून दोन घागरी दिल्या. "नवं मीटर आमचंबी हाय. खांब एक, वायर एक. आमचं कसं जात न्हाई? तुमच्या मीटरला शेजार आवडंना वाटतं."

वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात मी पत्रक दाखवून जोरात बोलले. टेबलावरच्या साहेबानं पत्रक नीट वाचलं, घडी करून परत दिलं. "मॅडम, नेटवर्कचा प्रॉब्लेम. मीटरमधलं सिम आणि सर्व्हर यांचं बोलणं होत नसंल. इकडून जोडायची सूचना जाते, तिकडं पोचत नाही."

"मग अर्ध्या तासानं आपोआप कशी जोडली जाते? तेव्हा तुम्ही सूचना पाठवली?"

त्यानं संगणकात पाहिलं. तोडायची सूचना त्यांच्याकडून गेलेलीच नव्हती. जोडायचीही नाही. आमच्या मीटरचं ताजं रीडिंग मात्र तासातासाला व्यवस्थित आलेलं होतं. बोलणं होत होतं.

दारात उभा असलेला लाइनमन म्हणाला, "व्होल्टेज हो ताई. कमी झालं की कट मारतंय."

"कमी व्होल्टेजला चालू राहिलं. मी बघितलंय. शेजारचं तर तुटतच नाही."

"मग तुम्हीच सांगा," तो म्हणाला. चेष्टा नव्हती त्यात, कंटाळा होता.

घरी येताना मी स्वतःवर चिडले होते. बॅलन्स कुणी खाल्ला नव्हता. माझ्या पत्रकातलं एकही वाक्य या घराला लागू पडत नव्हतं.

आईनं जेवताना विचारलं, "मोटारीलाच का राग येतो त्याला?" मग स्वतःच म्हणाली, "का जास्त ओढणारं काहीबी चालत न्हाई?"

मी जुनं बिल काढलं. त्यावर मंजूर भार, म्हणजे एका वेळी घरानं ओढायची हद्द, अर्धा किलोवॅट. बाबांनी जोडणी घेतली तेव्हा घरात दोन बल्ब आणि एक टेबलफॅन होता. जुनं मीटर हा आकडा कधी विचारतच नसे. हे नवं विचारत होतं. आमची मोटार एकटीच त्या हद्दीच्या आसपास जाते, वर फ्रिज, आणि व्होल्टेज पडलं की मोटार जास्तच करंट ओढते. काकूंचा भार जास्त मंजूर असणार.

"भरदुपारी बघायचं," मी म्हटलं. "मोटारी बंद, व्होल्टेज चांगलं. तेव्हा काहीतरी मोठं लावू. काय आहे?"

आईनं कपाटातून इस्त्री काढून आणली. वर्षभर कुणी हात लावला नव्हता. बाबांना रोज इस्त्रीचा शर्ट लागायचा, आणि आईनं स्वतःच्या साड्यांना कधी इस्त्री केली नाही.

मी मीटरपाशी उभी राहिले. व्होल्टेज दोनशे तीसच्या वर. आईनं इस्त्री पूर्ण तापमानावर लावली आणि पसरलेल्या चादरीवर कपाटातलाच एक शर्ट ठेवला. बाबांचा होता. मला वाटलं, आता वीज गेली तर बरं, आणि वाटलं, जरा टिकली तर बरं. कॉलर झाली, एक बाही झाली. खट्ट.

"हेच," मी ओरडले.

आई आतून म्हणाली, "दुसरी बाही राहिली."

आता एकच प्रश्न माझ्या डोक्यात उरला होता. भार जास्त झाला म्हणून तोडलं तर सूचना यायला हवी. साहेब म्हणाला होता, नोंदवलेल्या मोबाइलवर मेसेज जातो. नोंदवलेला मोबाइल बाबांचा. ते गेल्यावर त्या सिममध्ये कुणी पैसे टाकले नव्हते.

मी त्या नंबरवर वर्षभरात फोन केला नव्हता. फोनमध्ये नाव तसंच होतं. लावला. रिंग वाजली. मी त्याची तयारी केलेली नव्हती.

"हॅलो? कोण बोलायलंय?"

माणूस देगलूरचा होता. बोलण्यात मधेमधे तेलुगू. नवीन सिम घेतलं तर हा नंबर मिळाला म्हणाला. मी विचारलं, विजेचे मेसेज येतात का?

"हाव की! लोड जास्त झाला, लोड कमी करा. लई वैताग दिला. माझ्याकडं एक बल्ब हाय, कुणाचा लोड कमी करू? मी म्हणलं, कुणीतरी फसवायला बघायलंय. ब्लॉक केलं."

मी खो खो हसले. मग बोलताच येईना. त्यानं दोनदा "हॅलो, ताई?" केलं आणि म्हणाला, "कुणाचा होता नंबर?"

"वडिलांचा."

"अच्छा," तो म्हणाला. "चांगला नंबर हाय. लक्षात राहतो."

आईला सांगितलं तर तिनं काय विचारावं? "आवाज कसा आहे त्याचा?"

"जाड."

"यांचा बारीक होता," आई म्हणाली आणि शर्टाची दुसरी बाही हातानंच सरळ करत बसली.

भार वाढवायचा तर जोडणी जिवंत माणसाच्या नावावर पाहिजे. ती आईच्या नावावर करायची तर वारसांची ना-हरकत, म्हणजे माझी आणि दादाची सही. ज्याला आईला पुण्याला न्यायचं होतं त्याच्याच सहीवर तिचं इथं राहणं अडलेलं. मी फोन करून भांडायला सज्ज झाले. आईनं फोन माझ्या हातातून घेतला.

"हे बघ," ती दादाला म्हणाली, "मीटरवर तुझ्या बाबांचं नाव असू दे, असं मला वाटत होतं. आता वाटत न्हाई. माझं नाव लाव. कागद पाठवते, सही कर. मी काय विसरत असंन तर ते मला सांगायचं, बहिणीला न्हाई."

दादाचा आवाज आला, अगदी लहान झालेला. "बरं आई."

सही आली. नाव बदललं, आईचा मोबाइल नोंदवला, भार वाढला. त्याचे पैसे भरावे लागले आणि अर्ज दोनदा परत आला. मग मी नवं पत्रक लिहिलं. त्यात चोरी हा शब्द नव्हता. 'मीटर बसवताना तुमचा मंजूर भार तुम्हाला कुणी वाचून दाखवला का?' एवढंच विचारलं होतं. संघटनेत म्हणाले, यात दम नाही. मी तेच वाटलं. लोक थांबून वाचायला लागले, घरी जाऊन बिलं काढायला लागले.

दिवाळी आली. दादा आला, राहिला, एकटाच परत गेला.

आता माझ्याही फोनवर आईचं मीटर आहे. तासातासाच्या वापराच्या आलेखातल्या काड्या दिसतात. बहुतेक दिवशी सगळ्या बुटक्या, एकसारख्या. एक फ्रिज, एक पंखा, एक बाई. खोलीत चहा पिताना मी त्या बघते. परवा सकाळी एक काडी एकदम उंच गेली आणि तरी वीज तुटली नाही. नळ आला होता.

मी फोन लावला. मागं मोटारीची घरघर होती, त्यामुळं आईला ओरडून बोलावं लागत होतं.

"भरत आली टाकी! काय काम होतं?"

"काही नाही," मी म्हटलं.

"मग ठेव. पाणी वाहून चाललंय."